एका बुकिंगच्या दोन तारखा

लग्न दहा-बारा दिवसांवर आलेलं असताना घरात कुणी जातं, तेव्हा समारंभ पुढे ढकलण्याचा निर्णय बहुतेक घरांत तासाभरात होतो. त्याबद्दल कुणी कुणाला समजावत बसत नाही. त्यानंतर काय करायचं, ते मात्र कुणीच ठरवत नाही. पाहुण्यांना निरोप कसा द्यायचा, कुणाला आधी द्यायचा, हॉलवाले, केटरर, फोटोग्राफर, डेकोरेशनवाले यांच्याशी काय बोलायचं आणि झालेलं नुकसान कोणी सोसायचं, हे सगळं ज्याच्या हाती फोन असेल त्याच्या स्वभावावर सोडलं जातं. माझं म्हणणं असं की या नुकसानीची वाटणी आज अन्यायाने होते. ज्याच्याकडे छापील करार आहे तो आपले पैसे राखतो आणि ज्याला दुःखाच्या घरी पैशांचं बोलायला जड जातं, त्याचे बुडतात. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण घडतं असंच.

एक उदाहरण घेऊ. रविवारी लग्न आहे, आमंत्रितांची संख्या एकशे ऐंशी, त्यातले चाळीसेक बाहेरगावचे. लग्नाच्या बारा दिवस आधी, मंगळवारी पहाटे मुलीचे थोरले काका जातात. दोन्ही घरं मिळून ठरवतात की लग्न आता नको.

ते ठरवण्यात एक जण बहुतेक वेळा राहून जातं: काकू. त्यांना विचारलं जातं, पण भरल्या घरात, दहा नातेवाइकांसमोर. तिथे त्या एकच उत्तर देऊ शकतात, ‘माझ्यासाठी थांबवू नका, पोरीचं होऊन जाऊ दे.’ हे उत्तर प्रमाण मानून लग्न रेटलं, तर त्यांना बाराव्या दिवशी नटलेल्या हॉलमध्ये उभं राहावं लागतं. म्हणून त्यांच्याशी एकाने एकट्याने बोलावं, आणि ‘थांबवू का?’ असं न विचारता ‘आम्ही थांबवतोय, निरोपात काकांचं नाव घालू ना?’ असं विचारावं. लग्न थांबवण्याचं ओझं त्यांच्या शब्दावर राहू नये. काहींना खरोखरच लग्न व्हायला हवं असतं, गेलेल्या माणसाचीही तशी इच्छा असते, आणि मग मोजक्या माणसांत ते उरकून घेणं हाही चांगला मार्ग आहे. पण ही इच्छा गर्दीत ओळखता येत नाही.

पाहुण्यांचा निरोप मी आधी घेतो, कारण त्यात सर्वांत जास्त चूक एकाच शब्दप्रयोगाने होते. ‘काही अपरिहार्य कारणास्तव समारंभ पुढे ढकलण्यात येत आहे.’ लिहिणाऱ्याला हे सभ्य वाटतं. वाचणाऱ्याच्या मनात मात्र पहिली शंका येते ती लग्न मोडल्याची. दुपारपर्यंत ती शंका बातमी झालेली असते आणि मुलीच्या आईला, दीर गेल्याच्या दिवशी, ‘सगळं ठीक आहे ना?’ असे फोन घ्यावे लागतात. कारण लिहावं, एका ओळीत आणि सरळ. उदाहरणातल्या घराने निरोप असा लिहावा:

‘येत्या रविवारनंतरच्या रविवारी होणारं आमच्या मुलीचं लग्न पुढे ढकललं आहे. तिचे थोरले काका आज पहाटे गेले. लग्न होणारच आहे. नवी तारीख महिन्याभरात कळवू. प्रवासाची तिकिटं काढली असतील तर ती आत्ताच रद्द करावीत, नव्या तारखेसाठी थांबू नये. या निरोपाला उत्तर देण्याची गरज नाही. काही विचारायचं असल्यास मुलीच्या मामींना फोन करावा.’ आणि खाली मामींचा नंबर. प्रत्यक्ष निरोपात रविवारची तारीखही आकड्यात घालावी, म्हणजे कुठला रविवार हा प्रश्न उरत नाही.

‘लग्न होणारच आहे’ ही ओळ अफवा थांबवते. तिकिटांची ओळ सर्वांत जास्त पैसे वाचवते, कारण परतावा बहुधा दिवसागणिक कमी होत जातो आणि पाहुणे यजमानांनी सांगितल्याशिवाय तिकीट रद्द करायला संकोचतात. इतक्यात रद्द केलं तर बरं दिसेल का, असा विचार करत ते चार दिवस घालवतात. उत्तराची गरज नाही असं सांगणं हे दोन्ही बाजूंवर उपकार आहे: एकशे ऐंशी सांत्वनपर निरोप वाचायचं बळ त्या घरात नसतं आणि काय लिहावं हे पाहुण्यांनाही सुचत नसतं. मामींचा नंबर यासाठी की त्या घरच्या असूनही या मृत्यूच्या थेट घेऱ्यात नाहीत. हे काम वडिलांकडे देऊ नये. त्यांचा भाऊ गेलेला आहे.

निरोपाआधी एक खात्री करावी लागते. मृत्यूची बातमी जवळच्या नातेवाइकांना फोनवरून कळलेली हवी. सख्ख्या आत्याला भाऊ गेल्याचं लग्न पुढे ढकलल्याच्या सामुदायिक मेसेजमधून कळणं, ही त्या घरात वर्षानुवर्षं न भरणारी जखम होते. म्हणून क्रम असा: आधी जवळचे, मग लांबून येणारे, मग बाकीचे. लांबून येणाऱ्या चाळीस जणांना मेसेज पुरत नाही, फोन हवा. मेसेज पोचला म्हणजे वाचला असं नसतं, आणि वयस्कर माणसं फोन मुलाच्या हातात देऊन निश्चिंत असतात. यादी समोर ठेवून, प्रत्यक्ष बोलणं झालं की नावापुढे खूण करायची. तरीही जुनी पत्रिका कुणीतरी कुणाला तरी पुढे पाठवलेली असतेच. म्हणून मूळ तारखेला, मूळ वेळेला, घरातल्या किंवा मित्रमंडळीतल्या एकाने दीड-दोन तास हॉलच्या दाराशी थांबावं. कपडे करून, भेटवस्तू घेऊन आलेल्या माणसाला बंद दार दिसण्यापेक्षा ओळखीचा चेहरा दिसावा. एवढी व्यवस्था फार थोडी घरं करतात.

आता पैशांकडे. पाहुण्यांचं नुकसान बहुधा पाहुण्यांनाच सोसावं लागतं. प्रवास विमा असला तरी त्यात साधारणपणे विमा काढणाऱ्याच्या स्वतःच्या जवळच्या नात्यातला मृत्यू धरतात, यजमानाच्या घरचा नाही. प्रत्येकाचं तिकीट यजमानांनी भरून द्यावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते. पण ‘तू यायलाच हवंस’ म्हणून आग्रहाने बोलावलेली, शिकणारी किंवा बेताच्या मिळकतीची माणसं यादीत दोन-चार असतात. त्यांना आपणहून विचारावं. आणि सगळ्यांनाच एक मोकळीक द्यावी: दुसऱ्या तारखेला न येण्याची. पहिल्या तारखेला ‘येतो’ म्हटलेला माणूस दुसऱ्या तारखेला येणारच असं धरून चालणं चुकीचं आहे. त्याची सुट्टी संपलेली असू शकते. आमंत्रण नव्याने द्यावं, होकार नव्याने घ्यावा, आणि तोवर केटररला जुना आकडा सांगू नये.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. तारीख पुढे ढकलणं म्हणजे रद्द करणं नव्हे, त्यामुळे व्यावसायिकांचं काही जात नाही, असा आपला समज असतो. पैसे तर मिळणारच आहेत, फक्त उशिरा. हा समज चुकीचा आहे. फोटोग्राफरच्या मालाचं नाव तारीख आहे. तो रविवार न विकताच गेला तर पुन्हा विकता येत नाही. आणि आपण दुसरी तारीख मागतो तेव्हा तीही त्याने कुणाला तरी विकली असती. एका बुकिंगच्या पैशात आपण त्याच्याकडून दोन तारखा घेत असतो. 2020 मध्ये साथीमुळे जगभर समारंभ पुढे ढकलले गेले, तेव्हा या व्यवसायातल्या माणसांना हे फार कडवटपणे कळलं: पुढच्या हंगामातल्या तारखा आधीच घेतलेल्या ॲडव्हान्सच्या कामांत गेल्या आणि नवं काम घ्यायला जागा उरली नाही.

आकडे मांडून पाहू. फोटोग्राफरची फी शंभर भाग धरा, त्यातले तीस ॲडव्हान्स दिलेले आहेत. एका कामाला मदतनीस आणि प्रवास यांवर त्याचे पंचवीस भाग जातात, म्हणजे हाती पंचाहत्तर राहतात. नवी तारीखही हंगामातल्या रविवारची असेल आणि फी तीच राहिली, तर दोन रविवारांचे मिळून त्याला दीडशे राहिले असते, तिथे पंचाहत्तरच राहतात. निम्मी कमाई गेली. त्याऐवजी आधीचे तीस भाग जुन्या तारखेपोटी त्याच्याकडे सोडले आणि नव्या तारखेचे शंभर वेगळे धरले, तर त्याचं नुकसान पंचेचाळीसवर येतं. दोघांनी मिळून ते सोसलं असं म्हणता येईल. पण नवी तारीख आडवारी, हंगामाबाहेरची घेतली, जी त्याने एरवी कुणालाच विकली नसती, तर चित्र पालटतं. त्या दिवशी त्याचे पंचाहत्तर राहतात, जे मूळच्या रविवारी राहिले असते. पैसे उशिरा आले, एवढंच त्याने सोसलं. अशा वेळी पूर्ण ॲडव्हान्स नव्या तारखेला वळता करून मागण्यात काहीही गैर नाही.

यातून सौदा कसा करावा ते आपोआप दिसतं. सवलत हवी असेल तर तारखेत पडतं घ्यावं. मोक्याचाच दिवस हवा असेल तर जुन्या तारखेचं काही द्यावं. आणि जुनी तारीख त्याने दुसऱ्याला विकली, तर मात्र ॲडव्हान्स धरून ठेवायला त्याला नैतिक आधार राहत नाही, तो वळता व्हायला हवा. ही शेवटची गोष्ट घडायला एक वाक्य पहिल्याच दिवशी बोलावं लागतं, आणि तेच बोलायचं राहतं: ‘ती तारीख तुम्ही दुसऱ्याला दिलीत तरी आमची हरकत नाही.’ आपण हे वाक्य बोलत नाही तोवर प्रामाणिक माणूस तारीख आपल्यासाठी अडवून ठेवतो. बारा दिवसांत हॉलला नवं लग्न मिळणार नाही, पण फोटोग्राफरला किंवा वादकांना छोटं काम मिळू शकतं. रविवारी सकाळी तारीख मोकळी करून त्याला काय उपयोग?

म्हणून व्यावसायिकांना फोन त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जायला हवा. मामींनी केला तर साधारण असा: ‘मुलीचे काका गेले, लग्न पुढे ढकलतोय. पैशांचं आज बोलायला नको. फक्त दोन गोष्टी सांगा. आमच्यासाठी आजवर तुमचा काय खर्च झालाय? आणि आज काय थांबवलं तर पुढचा वाचेल?’ फोननंतर तेच थोडक्यात लिहून पाठवायचं: कोणतं काम थांबवलं, तारीख मोकळी केली, नव्या तारखेबद्दल किती दिवसांत कळवणार. इथे ‘बघू, सांगतो’ चालत नाही. नवी तारीख लगेच ठरवायची घाई करू नये, दुःखात ठरवलेली तारीख अनेकदा पुन्हा बदलावी लागते आणि दुसरा बदल पहिल्यापेक्षा महाग पडतो. पण आपण केव्हा ठरवणार हे सांगता येतं. ‘तीन आठवड्यांत कळवतो’ म्हटलं की समोरच्याला आपली वही मांडता येते.

केटररचं गणित वेगळं आहे. बारा दिवस आधी त्याने नाशवंत माल घेतलेला नसतो. कोरडा माल घेतला असला तर तो दुसऱ्या कामात वापरला जातो. हाच मृत्यू लग्नाच्या दोन दिवस आधी झाला असता तर माल आलेला, काही तयारी झालेली, आणि मग बिलं पाहून ती रक्कम भरून द्यावीच लागते. त्यात माणुसकीची सूट मागण्याला अर्थ नाही. पण दोन्ही प्रसंगांत एक नुकसान नजरेआड राहतं, ते वाढप्यांचं आणि मदतनिसांचं. त्या रविवारसाठी त्यांनी दुसरीकडे नकार दिलेला असतो. त्यांचा आपल्याशी करार नाही, आपल्याला त्यांची नावंही माहीत नसतात. बारा दिवसांत निम्म्यांना दुसरं काम मिळेल. ज्यांना मिळणार नाही त्यांना निदान अर्धी मजुरी मिळावी, असं केटररला सांगावं आणि तेवढी रक्कम त्याच्याकडे त्यासाठी म्हणून द्यावी. लग्नाच्या एकूण खर्चात ती फार छोटी असते.

हॉलवाल्यांशी मात्र मी ठाम बोलायला सांगेन. त्यांच्या करारात बहुधा लिहिलेलं असतं की अमुक दिवसांच्या आत रद्द केल्यास पैसे परत नाहीत. ते नियमाने बरोबर असतं. पण त्यांच्याकडे आडवारच्या कितीतरी तारखा रिकाम्या पडून असतात, आणि तिथे ॲडव्हान्स वळता करायला त्यांना फारसं काहीच लागत नाही. साफसफाई, वीज, माणसं यांतला खर्च न झालेल्या दिवशी वाचलेलाच असतो. म्हणून मागणी नेमकी करावी: सहा महिन्यांत, आडवारी, तुम्ही सुचवाल त्या चार तारखांपैकी एक, पूर्ण ॲडव्हान्स वळता. ‘जमेल तेवढं बघा’ या विनंतीला ‘नियम आहे’ हे उत्तर सोपं असतं. या नेमक्या मागणीला नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

आपण करतो याच्या उलट. मोठ्या हॉलच्या कार्यालयात छापील नियम दाखवला की मान खाली घालून परत येतो, आणि तिकडे गेलेल्या पैशांची भरपाई म्हणून फोटोग्राफरला, मेकअप करणाऱ्या मुलीला, चार वादकांच्या चमूला म्हणतो, ‘आमच्यावर असा प्रसंग आलाय, तुम्ही तरी समजून घ्या.’ ते समजून घेतात. मृत्यू झालेल्या घराशी वाद कोण घालणार? त्यांच्या या संकोचावर आपण नकळत आपलं नुकसान ढकलतो. त्यांच्यापैकी कुणाला नवी तारीख मोकळी नसेल, तर ॲडव्हान्स परत मागू नये आणि दुसरा माणूस घेतल्याबद्दल अपराधी वाटूनही घेऊ नये. त्याने आपला दिवस ठेवला होता, आपण तो वापरू शकलो नाही.

काही व्यावसायिक मृत्यूचा पुरावा मागतात, आणि ते ऐकून घरच्यांचा संताप होतो. संताप समजण्यासारखा आहे. पण मृत्यूचं खोटं कारण सांगून सुटणारी गिऱ्हाइकं या लोकांनी पाहिलेली असतात. पहिल्या फोनवर पुरावा मागणं निर्दयच आहे. पैशांचं बोलणं होईल तेव्हा दाखला आपणहून पाठवावा, म्हणजे मागायची वेळच येत नाही. जिथे समारंभाचा विमा मिळतो तिथेही तो लागतोच. त्या विम्याबद्दल एवढंच सांगतो की त्यात चालणाऱ्या नात्यांची यादी असते आणि काका तिच्यात असतीलच असं नाही, शिवाय आधीपासून माहीत असलेल्या आजारातून आलेला मृत्यू अनेकदा वगळलेला असतो. घरात कुणी गंभीर आजारी असताना पॉलिसी घेतली असेल, तर तिच्या भरवशावर बसू नये.

या सगळ्यावर खरा इलाज बुकिंगच्या दिवशी करता येतो. व्यावसायिकांच्या छापील करारांत पूर, भूकंप, दंगल, सरकारी बंदी यांचं कलम असतं. घरातल्या मृत्यूचं सहसा नसतं, आणि तो वरच्या कलमात बसवता येत नाही, कारण घरात कुणी गेलं तरी हॉल उघडा असतो आणि काम करता येण्यासारखं असतं. खरं पाहता पूर-भूकंपापेक्षा हा प्रसंग कितीतरी अधिक घरांवर येतो. त्यासाठी चार ओळी पुरतात: कोणत्या नात्यातला मृत्यू धरायचा, तारीख एकदाच आणि किती महिन्यांच्या आत बदलता येईल, आडवारी गेल्यास ॲडव्हान्स पूर्ण वळता होईल आणि मोक्याच्या दिवशी गेल्यास त्यातला किती भाग जुन्या तारखेपोटी राहील, जुनी तारीख विकली गेल्यास तो भागही वळता होईल.

लग्न ठरवायला आलेल्या माणसांनी हा विषय काढावा अशी अपेक्षा करता येत नाही. आनंदाच्या बोलण्यात, शेजारी आजी-आजोबा बसलेले असताना, ‘आमच्यापैकी कुणी गेलं तर?’ असं कुणाच्या तोंडून निघत नाही. म्हणून हे कलम व्यावसायिकांनीच आपल्या करारात छापावं, आणि त्यांच्या संघटना जिथे आहेत तिथे त्यांनी एकच नमुना सर्वांना द्यावा. तो एकट्या फोटोग्राफरलाही तितकाच कामी येईल जितका हॉलला, कारण मग पैशांचं बोलायला त्याला त्या घरी तोंड उघडावं लागणार नाही. कागदच बोलेल, आणि तोही दुःख घडायच्या कितीतरी आधी दोघांनी सही केलेला.